रडू येतं की रडवलं जातं?

लग्नात पाठवणीची वेळ आली की स्पीकरवर ठरावीक गाणी लागतात आणि मांडवातले डोळे ओले होतात. पण तेवढ्यावरून गाणं चांगलं ठरत नाही. निरोपाचा प्रसंग मुळात हळवा असतो आणि व्हायोलिनच्या संथ सुरांवर साधं वाक्यसुद्धा रडवू शकतं. म्हणून पहिली परीक्षा अशी, की चाल बाजूला ठेवायची आणि ओळी सपाट आवाजात वाचायच्या.

त्यासाठीच रचलेल्या या दोन ओळी बघा:

लेक चालली सासरी, तुटे काळीज आईचे,
कसे सांगू दुःख तिचे, पूर किती आसवांचे!

यातून काळीज, दुःख, आसवं हे शब्द काढले तर उरतं काय? लेक सासरी चालली, एवढंच. बाकी सगळं ऐकणाऱ्याला ‘आता रडा’ म्हणून सांगणं आहे. ही आई कोण, तिचं घर कसं, काहीच कळत नाही. त्यामुळे या ओळी कोणत्याही आईला चिकटवता येतात.

आता तोच प्रसंग असा लिहून पाहू:

गेली वरात, रात्रीला आई ताटं मांडे घरी,
एक ताट जास्त झाले, हात थांबे पाटावरी.

इथे भावनेचं नाव कुठेच नाही. हात का थांबला, हे ऐकणारा स्वतः ओळखतो, आणि ओळखल्यामुळेच हलतो. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची यादी दिली, त्यात हेच सांगितलं आहे: रस किंवा स्थायिभाव त्याच्या नावानेच सांगून टाकणं हा दोष. शोक ‘शोक’ म्हटल्याने जाणवत नाही. त्याची कारणं आणि खुणा समोर आल्या की जाणवतो.

पण नुसता तपशील पेरला म्हणजे काम झालं, असंही नाही. गाणं एकदम त्या जास्तीच्या ताटापासून सुरू झालं, तर तीही एक युक्तीच ठरेल. आधीच्या कडव्यात रोज पानं घेणारी, भावाशी पाटावरून भांडणारी लेक दिसली असेल, तरच ते रिकामं ताट बोचतं. त्याच्या पुढे ‘डोळां पाणी दाटे’ जोडलं, तर कवीने आपल्याच ओळीवर अविश्वास दाखवला. उलट, इतकं सारं दाखवून झाल्यावर शेवटी आईने साधेपणाने ‘करमत नाही’ म्हटलं, तर तो दोष वाटणार नाही. त्या शब्दामागे आता एक घर उभं आहे.

पुढच्या वेळी एखाद्या गाण्याने डोळे भरले, तर खुशाल भरू द्या. नंतर एवढंच विचारा: या गाण्यातलं माणूस मला दिसलं, की फक्त त्याचं रडणं ऐकू आलं? माणूस दिसलं नसेल, तर गाण्याने तुम्हाला गुंडाळलं, असं समजा.