लगेच जुळलं, दोन तासांनी फिसकटलं

एक नमुनेदार उदाहरण घेऊ. सत्तरीचे गृहस्थ. घरात कुणालाही हिमोफिलिया नाही. यांचंही दात काढताना कधी रक्त वाहत राहिलेलं नाही. पण गेल्या पंधरवड्यात मार लागलेला नसताना मांडीवर आणि दंडावर तळहाताएवढे काळेनिळे डाग उठले. डॉक्टरांनी पीटी आणि एपीटीटी लिहून दिली.

या तपासण्यांसाठी रक्त निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. मग प्लाझ्मा वेगळा काढून लॅबमध्ये तो मुद्दाम गोठवतात आणि सेकंद मोजतात. पीटीमध्ये टिश्यू फॅक्टर आणि कॅल्शियम घातलं की सातव्या फॅक्टरपासून सुरुवात होते; गुठळी साधारण 11 ते 13 सेकंदांत धरते. एपीटीटीमध्ये सिलिकासारखा पदार्थ आणि फॉस्फोलिपिड घालून काही मिनिटं थांबतात, मग कॅल्शियम घालतात. इथे बारावा, अकरावा, नववा आणि आठवा फॅक्टर लागतात. वेळ साधारण 25 ते 35 सेकंद. पुढचा टप्पा, म्हणजे दहावा, पाचवा, दुसरा फॅक्टर आणि फायब्रिनोजेन, दोन्हींत सारखाच.

गृहस्थांची पीटी 12 सेकंद आली, एपीटीटी मात्र 78. म्हणजे सामाईक टप्पा बहुधा ठीक. बिघाड आठव्या ते बाराव्या फॅक्टरांच्या भागात. पण फॅक्टर मुळात कमी आहे, की कुणीतरी त्याला अडवतंय?

त्यासाठी मिक्सिंग स्टडी करतात. रुग्णाचा प्लाझ्मा आणि अनेक निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा. एखादा फॅक्टर रुग्णात अजिबात नसला तरी मिश्रणात तो पन्नास टक्के होतो, आणि गुठळी वेळेत धरायला तेवढा सहसा पुरतो. इनहिबिटर असेल, तर तो नव्याने आलेला फॅक्टरही निकामी करतो.

गृहस्थांचं मिश्रण लगेच तपासलं तेव्हा 37 सेकंद आले. कमतरताच, असं म्हणून इथे थांबलं तर चूक होते. आठव्या फॅक्टरविरुद्धची अँटिबॉडी सावकाश काम करते. म्हणून तेच मिश्रण 37 अंश सेल्सिअसला दोन तास ठेवलं. आता 64 सेकंद. आठवा फॅक्टर उबेत आपोआपही थोडा झिजतो, त्यामुळे दोन्ही प्लाझ्मा तेवढाच वेळ वेगवेगळे ठेवून आयत्या वेळी मिसळले. ते 40 सेकंदांवर थांबले. झिजेचा वाटा थोडाच होता.

मिश्रण सुरुवातीलाच जुळलं नसतं, तर ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा संशय आला असता. नाव फसवं आहे: त्यात एपीटीटी लांबते, पण शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हेपारिनच्या लाइनमधून घेतलेलं रक्तही असंच दिसतं, त्यामुळे नमुना कुठून घेतला हे आधी विचारतात.

पुढे गृहस्थांचा आठवा फॅक्टर मोजला. तो 3 टक्केच निघाला. बेथेस्डा पद्धतीने अँटिबॉडीचं प्रमाणही काढलं. निदान झालं: उतारवयात उद्भवलेला हिमोफिलिया. नुसता आठवा फॅक्टर दिला असता तर अँटिबॉडीने तोही गिळला असता. म्हणून रक्तस्राव थांबवायला त्याला वळसा घालणारं औषध सुरू झालं, आणि अँटिबॉडी दाबायला स्टेरॉइड.