ओला केस ताणून बघताना

तोंडवली-तळाशीलच्या वाळूच्या पट्टीवर एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी. तिथल्या बायका पूर्वी माझ्या पार्लरात येत त्या भुवया कोरायला, किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी फेशियल करून घ्यायला. केसांचं काम म्हणजे टोकं कापणं आणि मेंदी. त्या काळात केस मजबूत आहे की नाही, हे तपासावं असं कुणाच्या मनातही येत नसे, कारण केसाची वाट लागेल असं काही आम्ही त्याला लावतच नव्हतो.

रिबाँडिंग आलं आणि चित्र पालटलं. २००० नंतरच्या दशकात मुंबईत सुरू झालेलं हे फॅड चाकरमान्यांबरोबर मे महिन्यात गावात उतरलं. केस सरळ करणारं ते क्रीम केसाच्या आतले गंधकाचे जोड तोडतं, मग इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या क्रीमने ते जोड पुन्हा बांधतात. सगळेच काही पुन्हा बांधले जात नाहीत. त्यानंतर मोबाइल आले, मोबाइलवर बालायाज आणि राखाडी बटांचे फोटो आले, आणि रिबाँडिंग झालेल्या त्याच केसांना ब्लीच लावून द्या म्हणून मुली येऊ लागल्या. केस ताणून बघणं माझ्या खुर्चीत तेव्हा आलं.

ही तपासणी ओल्या केसावर का करायची, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. केसातल्या प्रथिनाच्या साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या जोडांनी धरलेल्या असतात. एक प्रकार अगदी हलका, तो पाण्याने सुटतो आणि वाळल्यावर परत बसतो. दुसरा गंधकाचा, तो पाण्याला दाद देत नाही. कोरड्या केसात दोन्ही काम करत असतात, त्यामुळे आतून पोखरलेला केसही कोरडा असताना बरा वाटतो. तो भिजवला की हलके जोड बाजूला होतात आणि सगळा भार गंधकाच्या जोडांवर येतो. ब्लीच नेमकं तिथंच घाव घालतं. इंग्लंडमध्ये लीड्सला ॲस्टबरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास लोकर आणि केस ताणून त्यांचे क्ष-किरणांनी फोटो काढले. ताणल्यावर आतल्या वेटोळ्या साखळ्या उलगडतात आणि सोडल्यावर पुन्हा वेटोळ्या होतात, हे त्यातून दिसलं. आमच्या बोटांत जो केस मागे येतो, तो याच वेटोळ्यांमुळे.

निरोगी ओला केस त्याच्या लांबीच्या साधारण ३० टक्के ताणला तरी परत पूर्वीच्या लांबीवर येतो. त्यापलीकडे ओढला तर चांगला केसही बिघडतो. म्हणून मी १० सेंटीमीटरचा तुकडा पट्टीवर धरते आणि १३ च्या पुढे जात नाही. हळू ओढायचं, सोडायचं आणि मागे यायला दोन-तीन सेकंद द्यायचे. तीन गोष्टी घडू शकतात. केस परत आला तर ठीक. जोर न लावता रबरासारखा लांबत गेला आणि तसाच लोंबत राहिला, तर आतले जोड गेलेले असतात. थोडंसं ओढताच तुटला, तर तो ब्लीच मुळीच सहन करणार नाही. एकाच केसावरून निकाल द्यायचा नाही. कानाच्या वर, माथ्यावर आणि मानेपाशी, अशा तीन ठिकाणचे केस घ्यायचे, कारण उन्हात राहणारा माथा आणि झाकलेली मान सारखी नसते.

गेल्या काही वर्षांतल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगते. तोंडवलीचीच मुलगी, भावाचं लग्न मेमध्ये. मोबाइल पुढे करून म्हणाली, “ताई, माका असेच केस होये.” फोटोत टोकांकडे सोनेरी होत गेलेले केस होते. तिचे केस सुमारे ५० सेंटीमीटर लांब. मेंदी लावलेली नाही म्हणाली, रिबाँडिंग मात्र दोन वर्षांपूर्वी केलं होतं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे दोन वर्षांत ३० सेंटीमीटर. मुळापासूनचे ३० सेंटीमीटर तिचे स्वतःचे आणि खालचे २० रिबाँडिंगचे. केस ओले केल्यावर ती सीमा दिसलीही: वर हलकी लाट, खाली सपाट.

वरचा भाग १० वरून १३ पर्यंत गेला आणि परत १० वर आला. खालचा भाग फारसा जोर न लावता १३ पर्यंत गेला आणि सोडल्यावर ११ च्याही पुढे राहिला. अडचण इथंच होती. बालायाजमध्ये ब्लीच टोकांना लागतं आणि तिची टोकंच गेलेली होती.

तरीही मी मानेखालची एक बारीक बट कापून घेतली, कारण ब्लीचच्या आधीची तपासणी केसाची आजची स्थिती सांगते, ब्लीचनंतरची नाही. पावडरीच्या दुप्पट डेव्हलपर घेतला, तोही २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा. फॉइलमध्ये ठेवून दर पाच मिनिटांनी उघडून बघितलं, ४० मिनिटांनी धुतलं आणि पुन्हा ताणलं. मुळाकडचा तुकडा थोडा ढिला झाला होता, पण परत आला. टोकाकडचा ओढता ओढता तुटला. तिची आई शेजारीच उभी होती. “गो बाय, मगे केस जातले?” तिने विचारलं. हो, जातील, असंच सांगितलं.

रिबाँडिंगचा भाग पूर्ण कापायचा तर केस खांद्यावर येणार होते, आणि लग्नाच्या तोंडावर ते मुलीला नको होतं. तेव्हा तिने चापाने लावायच्या सोनेरी बटा घेतल्या आणि ब्लीच पुढच्या वर्षावर ढकललं. माझं त्या दिवसाचं बिल फारच लहान झालं, पण माझ्या मते योग्य निर्णय तोच होता.

या तपासणीच्या मर्यादाही तेव्हापासून सांगत आले आहे. केस ताणून मेंदीचा पत्ता लागत नाही. साध्या मेंदीची पानं वाटून लावली असतील तर केस तुटायची भीती नाही, पण रंग उचलायला जड जातो. पाकिटातल्या मेंदीत किंवा केस हळूहळू काळे करणाऱ्या द्रव्यात धातूचे क्षार असले, तर मात्र पेरॉक्साइड लागताच केस तापू शकतो आणि तुटू शकतो. असा केस ताणल्यावर छान परत येतो, म्हणून तो जास्त फसवतो. त्यासाठी वेगळी तपासणी असते. ३० मिलिलिटर २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे २० थेंब टाकून कापलेली बट अर्धा तास ठेवायची. द्रावण गरम झालं, वास सुटला किंवा बटेचा रंग चटकन बदलला, तर ब्लीच लावायचं नाही.

गावातल्या बायका तेलाचं विचारतात. त्याबाबत त्यांचा विश्वास अगदीच चुकीचा नाही. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावलं तर केसातून प्रथिनं कमी जातात, असं दिसलं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने ते जमलं नाही. पण खोबरेल तुटलेला गंधकाचा जोड सांधत नाही. तेल लावलेला केस बोटांना मऊ लागतो, म्हणून ताणायच्या आधी तो शाम्पूने धुवायचाच.

ब्लीचसाठी पार्लरात याल तेव्हा गेल्या तीन वर्षांत केसाला जे जे लावलं असेल, पाकिटाची मेंदी धरून, ते सांगा. आणि कुणी केस ओला करून न ताणताच पावडर कालवायला घेतली, तर खुर्चीतून उठा.