‘हो साहेब’ म्हणण्याआधी

तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत बसलेल्या एका मावशींनी मला विचारलं, “वकीलसाहेब, आत गेल्यावर त्यांना काय म्हणायचं? टीव्हीत तर मिलॉर्ड म्हणतात.” दावा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा होता, समोर दोन सख्खे भाऊ होते. तीन वर्षं तारखा झाल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच पिंजऱ्यात उभं राहून बोलायचं होतं. सातबारा, फेरफार, वंशावळ सगळं त्यांना तोंडपाठ होतं. धास्ती होती ती या एका शब्दाची.

ही धास्ती मी जवळजवळ रोज पाहतो. चुकीचा शब्द तोंडातून गेला तर साहेब रागावतील, निकाल फिरेल, असं लोकांना मनापासून वाटतं. म्हणून आधी हे स्पष्ट सांगतो. न्यायाधीशांना पक्षकारानं अमुकच शब्दानं हाक मारावी, असं सांगणारा कायदा नाही. न्यायासनासमोर अपमान करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 267 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण तो अपमान जाणूनबुजून केलेला असावा लागतो. ‘सर’ऐवजी ‘भाऊ’ निघून गेलं, तर फार तर शिरस्तेदार किंवा वकील हळूच दुरुस्त करतात आणि काम पुढे चालतं.

खरं तर याबाबत वकिलांमध्येही एकवाक्यता नाही. ‘माय लॉर्ड’ आणि ‘युवर लॉर्डशिप’ हे शब्द इंग्रजी राज्यातून आले. बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2006 मध्ये वकिलांसाठी नियम केला. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावं, खालच्या कोर्टांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला त्याच अर्थाचा शब्द वापरावा, असं त्यात म्हटलं. तरी उच्च न्यायालयात आजही ‘माय लॉर्ड’ सर्रास ऐकू येतं. जानेवारी 2014 मध्ये हे शब्द बंद करावेत अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायमूर्ती दत्तू आणि न्यायमूर्ती बोबडे यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. हे शब्द सक्तीचे कधीच नव्हते, आम्हाला सन्मानानं संबोधा म्हणजे झालं, असा त्यांचा सूर होता. आणि 2021 मध्ये हेच नागपूरचे बोबडे सरन्यायाधीश असताना, स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं त्यांना ‘युवर ऑनर’ म्हटलं, तेव्हा हा शब्द इथं योग्य नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. नियमात लिहिलेला शब्दही देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टात अडला, मग मावशींनी कशाला घाबरायचं?

आपल्याकडच्या तालुका आणि जिल्हा कोर्टांत पक्षकाराला एक शब्द पुरतो. न्यायाधीश पुरुष असतील तर ‘साहेब’ किंवा ‘सर’, बाई असतील तर ‘मॅडम’. समोर दिवाणी न्यायाधीश आहेत, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आहेत की सत्र न्यायाधीश, हे ओळखून शब्द बदलायची गरज नाही. कनिष्ठ स्तरावर बऱ्याचदा एकच व्यक्ती सकाळी दिवाणी न्यायाधीश म्हणून दावे चालवते आणि दुपारी न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटले. खुर्ची तीच, साहेबही तेच. मराठी बोलायलाही संकोच नको. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, पण महाराष्ट्रातल्या त्याखालच्या कोर्टांची भाषा म्हणून शासनानं 1998 मध्ये मराठी ठरवलेली आहे.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. बाई न्यायाधीशांना सवयीनं ‘सर’ म्हटलं जातं, आणि ते सगळ्यांनाच चालतं असं नाही. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक वकील न्यायमूर्ती रेखा पल्ली यांना पुन्हापुन्हा ‘सर’ म्हणत होते, तेव्हा मी ‘सर’ नाही, हे त्यांनी त्यांना सुनावलं होतं. पुकारा होण्याआधी डायसकडे एकदा नीट पाहून घ्यावं, एवढंच.

आता अभिवादन. न्यायाधीश चेंबरमधून येतात तेव्हा शिपाई आवाज देतो आणि सगळे उभे राहतात. ते बसले की आपण बसायचं. नावाचा पुकारा झाला की पुढे जाऊन डायसकडे पाहून हात जोडायचे किंवा मान किंचित झुकवायची. कामकाज चालू असताना बाहेर पडायचं असेल तरी दाराशी वळून मान झुकवतात. एवढाच हा विधी आहे. पाया पडायचं नाही, डायसच्या जवळ जायचं नाही. चपला दाराबाहेर काढून अनवाणी आत येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामागची भावना मला कळते, पण तिथं त्याची गरज नसते.

तुमच्या नमस्काराला न्यायाधीश बहुधा उत्तर देत नाहीत. याचा लोकांना फार चटका बसतो. “साहेबांनी बघितलंसुद्धा नाही, नक्की आपल्यावर राग दिसतो,” असं बाहेर येऊन सांगतात. पण समोर दोन्ही बाजूंची माणसं बसलेली असतात. एकाच्या नमस्काराला हसून मान डोलावली तर दुसऱ्याच्या मनात लगेच शंका येते. शिवाय नजर बहुतेक वेळ रोजनाम्यावर आणि समोरच्या कागदांवर असते. तो नमस्कार माणसाला नसून न्यायासनाला असतो, असं मी पक्षकारांना सांगतो, म्हणजे मग ते परतून येण्याची वाट पाहत नाहीत.

कागदावरचा मान वेगळा. अर्जाच्या माथ्यावर ‘मे. दिवाणी न्यायाधीश साहेब, क. स्तर, यांचे कोर्टात’ असं लिहिलेलं असतं. अनेकांना हे ‘मे.’ दुकानाच्या पाटीवरच्या ‘मेसर्स’सारखं वाटतं. ते ‘मेहेरबान’चं लघुरूप आहे, फारसीतून दरबारी मराठीत आलेलं. ‘मे. कोर्टास नम्र विनंती’ इथंही तेच. बोलताना मात्र ‘मेहेरबान’ म्हणायची गरज नाही. कोणी म्हातारे गृहस्थ अजूनही म्हणतात आणि ऐकायला गोड वाटतं, इतकंच.

पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हाक मारण्याचा शब्द चुकून नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. आदर दाखवण्याच्या नादात उत्तर चुकलेलं मात्र पुष्कळदा पाहिलं आहे. आपल्या बोलण्यात ‘हो साहेब’ याचे दोन अर्थ होतात. एक, ‘ऐकलं, पुढे बोला’. दुसरा, ‘तुम्ही म्हणता ते खरं आहे’. गावात तहसीलदारांसमोर किंवा मालकासमोर आपण पहिल्या अर्थानं दिवसभर ‘हो साहेब’ म्हणत असतो. कोर्टात लिहिला जातो तो दुसरा.

लहानसहान फौजदारी खटल्यात न्यायदंडाधिकारी आरोपीला आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, “गुन्हा कबूल आहे का?” घाबरलेला माणूस हात जोडून “हो साहेब” म्हणतो. त्याला म्हणायचं असतं की, समजलं. इथं आदराचा शब्द आधी घ्यावा आणि उत्तर मागून, पूर्ण वाक्यात द्यावं. “साहेब, गुन्हा कबूल नाही.” आरोपच कळला नसेल तर “साहेब, मला समजलं नाही, पुन्हा सांगता का?” हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. न कळता हो म्हणण्यापेक्षा तेच न्यायाधीशांनाही बरं वाटतं.

दिवाणी दाव्यात धोका जास्त आहे. तिथं साक्षीदाराचा सरतपास प्रतिज्ञापत्रावर येतो, म्हणजे तुमचं म्हणणं वकिलानं आधीच टाईप करून दाखल केलेलं असतं. पिंजऱ्यात शपथ घेतल्यावर तुमच्या तोंडून निघणारे पहिले शब्द बहुधा उलटतपासातले, समोरच्या वकिलाला दिलेले असतात. त्याला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायची मुभा असते. तुमच्या वकिलाला त्या वेळी मध्ये बोलून तुम्हाला उत्तर सांगता येत नाही. नंतर फेरतपासात खुलासा विचारता येतो, पण निघून गेलेला शब्द कागदावर राहतोच.

त्या दिवशी मावशींचं अगदी तसंच होत होतं. समोरच्या वकिलांचा आवाज मऊ होता. “आई-वडिलांना शेवटपर्यंत भावांनी सांभाळलं, बरोबर?” “हो साहेब.” “तुमच्या लग्नाचा खर्च वडिलांनी केला?” “हो साहेब.” “लग्नात दागिने दिले?” “हो साहेब.” तिन्ही उत्तरं खरी होती. चौथा प्रश्न त्याच चालीवर आला, “आणि म्हणून तुम्ही जमिनीतला हिस्सा सोडून दिला?” मावशी त्याच लयीत बोलून गेल्या, “हो साहेब.”

माझ्या पोटात गोळा आला. जमिनीतला हक्क नुसत्या तोंडी सोडण्यानं जात नाही, त्याला नोंदणी केलेला दस्त लागतो. दावा त्या एका शब्दावर बुडाला नसता. पण “वादीनं उलटतपासात कबूल केलं आहे” हे वाक्य पुढे अपिलापर्यंत आमच्या मागे लागलं असतं.

न्यायाधीश बाई होत्या. मावशी चारही वेळा वकिलांकडे पाहून बोलत होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. टंकलेखकाला मजकूर सांगण्याआधी त्या थांबल्या. “मावशी, इकडे माझ्याकडे बघा. ‘हो’ म्हणजे प्रश्न ऐकला म्हणताय, की हिस्सा सोडला म्हणताय?”

मावशींनी पदर सावरला, पहिल्यांदाच डायसकडे पाहिलं आणि हात जोडले. “मॅडम, ऐकलं म्हणाले मी. हिस्सा कशाला सोडीन? कागदावर सही नाही, अंगठा नाही.”

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. मॅडमनी ती नोंदवून घेतली, प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि उत्तर सांगितलं, “हे म्हणणे खरे नाही की, मी माझा हिस्सा सोडून दिला आहे.” संध्याकाळी जबानी वाचून दाखवली तेव्हा मावशींनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “मॅडम, आता सही करू?”