चित्रांनी जड झालेली स्लाइड-फाइल हलकी कशी करावी?

वाणिज्य शाखेच्या प्रकल्पाला हल्ली वहीबरोबर स्लाइडांची फाइलही जोडावी लागते. मोबाइलवर काढलेले फोटो त्या फाइलीत घालणे सोपे असते, पण ती ई-मेलने पाठविणे कठीण जाते. फाइल घाईने लहान केली तर फोटो बरे दिसतात, परंतु आलेखांवरील अक्षरे पुसट होतात. प्रकल्पाचा जीव तर आलेखांतच असतो! आकार कमी व्हावा आणि आकृत्याही शाबूत राहाव्यात, याची रीत मी माझ्याच प्रकल्पाच्या उदाहरणाने सांगतो.

माझे गाव पेडणे तालुक्यातील पार्से. जवळच्या आगरवाडा भागातील मिठागरांचा जमाखर्च हा माझा विषय होता. एकूण स्लाइडा 24, त्यांत 15 फोटो, एक नकाशा आणि तीन आलेख. आलेखांवरील नावे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत होती. फाइल भरली सुमारे 81 एमबी, आणि जेथे पाठवायची त्या पत्त्यावर मर्यादा होती 10 एमबीची.

ही मर्यादा दिसते त्याहून लहान असते. ई-मेलमधून फाइल जाते ती अक्षरांचे रूप घेऊन, आणि त्यात दर 3 बाइटांची 4 अक्षरे होतात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढते. म्हणून 10 एमबीच्या दारातून जेमतेम 7 एमबीची फाइल आत जाते, असे धरून चालावे.

पहिले काम म्हणजे वजन कोठे आहे ते शोधणे. मूळ फाइल जपून ठेवावी आणि तिच्या प्रतीवर काम करावे, कारण कमी केलेले चित्र जतन करून फाइल बंद केल्यावर पूर्वीसारखे होत नाही. पॉवरपॉइंटची फाइल ही खरे तर एक झिप-गठडीच असते. (म्हणूनच ती पुन्हा झिप केल्याने काही लाभ होत नाही.) आणखी एक प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटचे .pptx बदलून .zip करावे आणि ती उघडावी. आत ppt/media या कप्प्यात सर्व चित्रे सापडतात. आकारानुसार लावली की चोर लगेच सापडतो.

माझ्या फाइलीत 14 फोटो .jpg स्वरूपाचे होते, प्रत्येकी सुमारे 4 एमबी, म्हणजे 56. एक फोटो कॉपी करून चिकटविल्यामुळे .png झाला होता. तो एकटाच 18 एमबीचा! नकाशा व दोन आलेख मिळून अवघा 1 एमबी. उरलेले 6 एमबी ppt/embeddings या दुसऱ्याच कप्प्यात होते. त्याविषयी पुढे सांगतो.

आता फोटो. नेहमीची रुंद स्लाइड 13.33 इंच असते. इंचाला 150 ठिपके धरले तर तिच्या रुंदीला 2000 ठिपके पुरतात. वर्गातील बहुतेक प्रोजेक्टर 1920 ठिपक्यांपेक्षा अधिक दाखवीत नाहीत. मोबाइलच्या फोटोची रुंदी मात्र 4000 असते. म्हणजे निम्म्याहून अधिक माल कोणी पाहतच नाही. फोटो निवडून Picture Format मधील Compress Pictures उघडावे आणि Web (150 ppi) निवडावे. त्याखालचा E-mail (96 ppi) हा पर्याय नावामुळे मोह पाडतो, पण त्यात पूर्ण स्लाइडचा फोटो 1280 ठिपक्यांवर येतो आणि मोठ्या पडद्यावर मऊ, धूसर दिसतो. Delete cropped areas of pictures या ओळीलाही खूण असावी. आपण फोटो कातरतो तेव्हा कातरलेला भाग फक्त झाकला जातो, फाइलीतून जात नाही.

18 एमबीचा तो .png फोटो या उपायाने पुरेसा उतरत नाही. .png मध्ये प्रत्येक ठिपका जसाच्या तसा जपला जातो. पाणी, चिखल, मिठाच्या राशी यांच्या असंख्य छटा त्यात फार जागा खातात. तो पेंटमध्ये उघडून .jpg म्हणून जतन करावा, आणि चिकटविण्याऐवजी Insert मधून पुन्हा घालावा.

आलेखांची गोष्ट याच्या उलट. .jpg चित्राचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक फरक गाळते. फोटोत ते कळत नाही. पण पांढऱ्यावर काळी रेघ असली की तिच्याभोवती करडी धूळ साचल्यासारखी दिसते. मराठीतील जोडाक्षरे आणि कन्नडमध्ये अक्षराच्या पायाशी लहान आकारात येणारी ओत्ताक्षरे यांत सर्वांत आधी बिघडतात. म्हणून आलेख .png मध्येच ठेवावेत. सपाट रंगांमुळे तेथे ते हलकेच राहतात. Compress Pictures मध्ये Apply only to this picture ची खूण काढली तर फोटोंबरोबर आलेखही दळले जातात. सोपा क्रम असा, की आधी फक्त फोटो घालून सर्वांचा आकार एकदम कमी करावा आणि आलेख व नकाशा सर्वांत शेवटी घालावेत.

आता ते 6 एमबी. एक्सेलमधील आलेख चिकटविताना Embed Workbook चा पर्याय घेतला तर आलेखाबरोबर संपूर्ण वर्कबुक स्लाइडीत येऊन बसते. माझ्या वर्कबुकात पावत्यांचे फोटो होते, आणि दुसऱ्या पानावर मिठागरात राबणाऱ्यांची नावे व त्यांची मजुरी होती. नावे कोणाला दाखविणार नाही, या बोलीवर त्यांनी मला आकडे दिले होते. स्लाइडवर फक्त चार खांब दिसतात; पण आलेखावर उजवी कळ दाबून Edit Data म्हटले की कोणालाही सर्व पाने उघडी! म्हणून मी एक्सेलमध्येच तो आलेख मोठा केला, Save as Picture ने .png केला, त्याची रुंदी 2000 ठिपक्यांच्या आसपास असल्याची खात्री केली, आणि जुना आलेख काढून त्या जागी हे चित्र ठेवले. येथे आकाराइतकाच शब्द पाळण्याचाही प्रश्न होता.

शेवटचा हिशेब असा झाला. पूर्ण स्लाइडचे 7 फोटो प्रत्येकी सुमारे अर्धा एमबी, म्हणजे साडेतीन. अर्ध्या स्लाइडचे 8 फोटो मिळून सुमारे दीड. आलेख व नकाशा मिळून सव्वा. एकूण सव्वासहा एमबी. ई-मेलच्या रूपात साडेआठच्या आत.

पाठविण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. प्रत पुन्हा .zip करून ppt/embeddings मध्ये काही उरले नाही ना, ते पाहावे. मग दुसऱ्या संगणकावर स्लाइड-शो लावून खोलीच्या शेवटच्या बाकावरून आलेखावरील सर्वांत बारीक अक्षर वाचून पाहावे. मात्र पाहणाऱ्याने मोठे करून बघावा असा बारीक रेघांचा नकाशा असेल, तर 2000 ठिपके त्याला पुरणार नाहीत. तो वेगळ्या ई-मेलने मूळ आकारात पाठवावा आणि स्लाइडवर त्याची लहान प्रत ठेवावी.