उधारीची वही दोन घरांत हवी

आमच्या गावात दफनविधीपूर्वी मरहूमाचा मुलगा किंवा भाऊ उभा राहून सांगतो, ‘‘यांच्यावर कोणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, ते आम्ही फेडू.’’ काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाने असेच सांगितले. आमच्या किराणा दुकानाच्या खातेवहीत त्यांच्या नावे 6,340 रुपये होते. आठ दिवस थांबून आम्ही तो आकडा मुलाला सांगितला. तो लगेच पैसे घेऊन आला. पण मागाहून त्याच्या आईचा निरोप आला की गेल्या जुम्याला नमाजहून परतताना त्यांनी दुकानात 2,000 रुपये दिले होते.

आमच्या वहीत ती जमा नव्हती. जुम्याच्या दुपारी दुकानात गर्दी असते. पैसे घेऊन गल्ल्यात टाकले आणि लिहायचे राहिले असेल, किंवा त्यांनी घरून पैसे नेले आणि वाटेत दुसऱ्याच कामाला लागले असतील. विचारायला ते नव्हते. आम्ही 4,340 घेतले आणि 2,000 सोडले. तरी मनाला रुखरुख राहिली. पैसे मिळाले असतील, तर आम्ही एका विधवेकडे नाहक मागणी केली होती. सोडले ते ठीकच झाले, पण शंका घेऊन सोडले.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही त्यात आहे. लिहीत आम्हीही होतो. पण आमची वही फक्त आमच्याकडे होती. गिऱ्हाइकाच्या हाती त्याची आठवण आणि आमच्या हाती कागद, असा तो एकतर्फी मामला होता. म्हणून त्यानंतर प्रत्येक खातेदाराला आम्ही एक छोटी वही दिली. माल न्यायला येताना ती आणायची. एकच नोंद दोन्ही वह्यांत त्याच वेळी करायची आणि आमच्या वहीत नेणाऱ्याने सही करायची.

नोंद कशी करतो ते सांगतो. समजा, पानावर मागील बाकी 1,150 आहे. तीन तारखेला 5 किलो तांदूळ 260, एक लिटर तेल 145 आणि पाव किलो चहा 120, असे 525 नावे पडले. लगेच पुढे लिहायचे : बाकी 1,675. सात तारखेला 1,000 जमा; बाकी 675. प्रत्येक ओळीला बाकी काढली की चूक त्याच दिवशी सापडते. महिनाअखेर एकदम बेरीज केली, तर तीस दिवसांतली कोणती ओळ चुकली हे दोघांनाही आठवत नाही. नुसते ‘सामान 525’ असेही लिहीत नाही, कारण तंटा आकड्यावर क्वचित होतो. ‘एवढे आम्ही नेलेच नाही’ यावर होतो. मूल माल न्यायला आले तर ‘मुलगी’, ‘धाकटा’ असे लिहितो. एका भाभींच्या खात्यावर बिस्किटांचे पुडे फारच वाढले होते. त्या शब्दामुळे ते कोण नेत होते हे घरातच उलगडले!

खाडाखोड करत नाही. चुकले तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि दोघांची सही. जमेचा नियम मात्र सगळ्यात कडक आहे : आधी दोन्ही वह्यांत जमा, मग पैसे गल्ल्यात. मोबाईलवरून येणाऱ्या पैशांचा घोळ वेगळाच. कुवेतमधला मुलगा मुंबईच्या भावाला कळवतो, भाऊ त्याच्या खात्यातून आम्हाला पाठवतो, आणि आमच्याकडे भलतेच नाव दिसते. अशी रक्कम आम्ही ‘अनोळखी जमा’ या वेगळ्या पानावर ठेवतो आणि खातेदाराने सांगितल्यावरच त्याच्या पानावर नेतो. अंदाजाने टाकलेली एक जमा दोन खाती बिघडवते.

वसुलीची कटकट बहुतेक वेळा चुकीच्या तारखेची असते. पूर्वी आम्ही सगळ्यांना एक तारखेला आठवण द्यायचो. पण गवंड्याला शनिवारी मजुरी मिळते, शिक्षकाचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो, आणि खलाशाच्या घरी जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा पैसे येतच नाहीत. आता खाते उघडतानाच पैसे घरात कधी येतात ते विचारतो आणि तीच तारीख पानाच्या डोक्यावर लिहितो. उधारीची मर्यादाही त्यावरूनच ठरते : त्या दिवशी ते घर एका वेळी सहज जेवढे देऊ शकेल तेवढीच.

मागताना ‘पैसे द्या’ म्हणत नाही. ‘वही पडताळून घ्या, आमच्याकडे 1,675 दिसतात’ एवढेच सांगतो, तेही दुकानात दुसरे कोणी नसताना. मुलांकडे निरोप देत नाही. वही पाहिली की माणूस बहुधा स्वतःच तारीख सांगतो.

खाते बिघडते आहे हे सर्वांत मोठ्या बाकीवरून कळत नाही. पैसे दिल्यानंतर जी बाकी उरते तिच्यावर नजर ठेवावी लागते. ती एका महिन्यात 675, पुढच्या महिन्यात 1,100 आणि तिसऱ्यात 1,900 झाली, तर त्या घराला मिळकत पुरत नाही. आम्ही उशिराबद्दल एक रुपयाही वाढवत नाही, तो सूद होईल. पण घाऊक व्यापारी आम्हाला पंधरा दिवसच देतो. शंभरामागे दहा रुपये सुटत असतील, तर बुडालेले हजार भरून काढायला दहा हजारांचा माल विकावा लागतो. म्हणून तिसऱ्या महिन्यालाच बोलतो.

एक गवंडी परातीवरून पडला, पाय मोडला. बाकी 5,400 वर गेली. तो लाजून दुकानाकडे फिरकेना. दुसरीकडून रोखीने माल नेऊ लागला. आम्ही घरी गेलो आणि जुनी बाकी वेगळ्या पानावर काढली. ठरले असे की नवा माल रोखीने आमच्याकडूनच न्यायचा आणि काम सुरू झाल्यावर जुन्यापोटी दर शनिवारी 300 द्यायचे. तो पुन्हा येऊ लागला. चौदा शनिवारांत 4,200 फिटले. उरलेले 1,200, मुलीच्या शाळेचा खर्च पाहून, आम्ही सोडले; दोन्ही वह्यांत ‘माफ’ लिहून सह्या केल्या. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी आणि माफ करणे अधिक चांगले, हे त्याच सूरहच्या 280 व्या आयतीत आहे. मात्र माफ केलेली उधारी जकातीत धरू नये. बहुतेक फकीह ती जकात मानत नाहीत. जकात द्यायची तर त्याच्या हातात, बिनशर्त द्यावी; त्यातून त्याने देणे फेडले तर ती त्याची मर्जी.

सहीचा कायद्यानेही उपयोग होतो. नुसत्या हिशेबाच्या वहीवरून न्यायालय कोणावर देणे लादत नाही. सोबत दुसरा पुरावा लागतो. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही केली तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. आम्ही कोर्टात कधी गेलो नाही, पण दर रमजानपूर्वी प्रत्येक पानावर ‘बाकी मान्य’ अशी सही घेतो. जकातीचा हिशेब काढताना येणे किती, हेही त्याच वेळी कळते.

त्या मरहूमाच्या घरची छोटी वही आता त्यांची सून सांभाळते. मागच्या महिन्यात तिने आमची एक चूक पकडली : साबणाचे 40 रुपये दोनदा लिहिले होते. आम्ही रेघ मारली, तिने सही केली.