दोन शेळ्यांपासून पाच शेळ्यांपर्यंत

शेती नसलेल्या घरात शेळीसाठी चार पैसे जमले की बाई बहुधा बाजारातून दोन लहान पाटी आणते, कारण त्या स्वस्त पडतात. पण पाच महिन्यांची पाट माजावर घेण्याजोगी व्हायला आणखी सहा महिने लागतात आणि पुढे गाभणपणाचे पाच. म्हणजे जवळपास वर्षभर नुसता चारा घालायचा. त्याऐवजी एकदा व्यालेल्या, पुन्हा गाभण असलेल्या दोन शेळ्या घ्याव्यात. खालच्या जबड्यात पुढचे चार मोठे दात आलेले असले की शेळी साधारण दोन वर्षांची समजायची. कास दोन्ही बाजूंनी सारखी असावी, दोन्ही सडांतून धार निघावी. शक्य असेल तर बाजारापेक्षा शेजारच्या गावातल्या घरातून घ्यावी. तिथे तिची आधीची करडं बघायला मिळतात. बाजारात येणाऱ्या शेळ्यांत न ठरणाऱ्या आणि करडं न जगवणाऱ्याही पुष्कळ असतात.

मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळी या कामाला उत्तम. रंगाने बहुधा काळी, वाळलेल्या पाल्यावर तग धरणारी आणि जुळी देण्यात हात न आखडणारी. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. दोन शेळ्यांची सहा वेतं, त्यांतून नऊ करडं धरू. एखाद-दुसरं दगावलं तरी सात-आठ उरतात. त्यांतले बोकड विकायचे, पाटी ठेवायच्या. दोन वर्षांनी दावणीला पाच-सहा शेळ्या दिसतात त्या अशा.

हे गणित मोडतं ते बहुतेक करडं जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत. शेळीची वार पडल्याशिवाय करडाला पाजायचं नाही, अशी समजूत अजून घरोघरी आहे, आणि तीच करडांच्या जिवावर उठते. वार पडायला कित्येक तास लागतात. चीक मात्र तासाभराच्या आत पोटात गेला पाहिजे, कारण रोगाशी झुंजायची ताकद करडाला त्यातूनच मिळते. करडू जन्मलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून नव्या ब्लेडने कापायची, टोकाला आयोडीन लावायचं आणि लगेच सडाला लावायचं. जुळ्यांतलं अशक्त करडू मागे पडतं. त्याचं तोंड हाताने सडाशी धरावं लागतं. पहिला आठवडा त्यांना कोरड्या, उबदार जागी, पोत्यावर ठेवावं.

त्यानंतरचा वैरी म्हणजे जंत, आणि तो पावसाळ्यात वाढतो. रक्त पिणारे जंत झालेली शेळी खाताना दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघावा. लालसर असेल तर ठीक, फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल तर रक्त कमी झालंय. जबड्याखाली पाणी साठल्यासारखी सूज आली असेल तर मुळीच थांबू नये. औषध वजनाप्रमाणे द्यायचं असतं. अंदाजाने कमी दिलं की जंत मरत नाहीत आणि पुढे त्या औषधाला दादही देत नाहीत. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी आणि पीपीआरची लस, या दोन्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्याव्यात.

घरचा बोकड घरच्याच शेळ्यांवर सोडू नये. बोकड चार महिन्यांचे झाले की पाटींपासून वेगळे बांधावेत, आणि शेळी माजावर आली की गावातल्या चांगल्या, नात्यात नसलेल्या बोकडाकडे फळवायला न्यावी. बहिणी-भावांची, आई-मुलाची करडं दुबळी निघतात.

आता विक्री. व्यापारी दारात येतो, पाठीवरून हात फिरवतो आणि अंगावर भाव करतो. बोकड 18 किलोचा असतो, तो 14 किलोचा धरतो. जिवंत वजनाला 350 रुपये किलो भाव धरला तर त्या चार किलोंत 1,400 रुपये जातात. म्हणून बचत गटाने मिळून एक लटकता काटा घ्यावा. पाच शेळ्या झाल्या की वर्षाला आठ-नऊ करडं विकता येतात. सरासरी 16 किलोचं करडू धरलं तर त्याच भावाने 45 ते 50 हजार रुपये, तेही वर्षातून चार-पाच वेळा हातात येतात. औषधं, खुराक आणि सुकी वैरण यांचा खर्च यातूनच करायचा.

बांधावरचा, रस्त्याकडेचा पाला एक बाई रोज डोक्यावर आणते तो पाच शेळ्या आणि त्यांच्या करडांना जेमतेम पुरतो. त्यापुढे चारा विकत घ्यावा लागतो आणि नफा त्यातच जिरतो.

या सगळ्यात अवघड असतात ती पहिली दोन वर्षं. घरात आजारपण येतं, शाळेची फी येते आणि पहिली पाटच विकली जाते. बचत गटांना एवढंच सांगणं आहे: तिसरी शेळी घ्यायला कर्ज देण्याआधी, अशा वेळी पाट राखता येईल एवढं तातडीचं कर्ज आधी द्या.