बाईंच्या चिठ्ठीत काय हवं?

गृहपाठाची आठवण करून देणारं फुकट अ‍ॅप घ्या, असं बाई पालकांना कळवतात, तेव्हा ते कसं चालतं हेही चिठ्ठीत हवं. गुगल क्लासरूमचंच पाहा. शाळेचं शैक्षणिक खातं असेल, तर पालकांच्या ईमेलवर आमंत्रण येतं. ते स्वीकारलं की रोज किंवा आठवड्याला राहिलेल्या आणि येणाऱ्या गृहपाठाचा गोषवारा मिळतो. घोळ होतो तो पुढे. गणितं वहीत सोडवून झाली, पण मुलाने Mark as done दाबलं नाही, तर मुदत उलटल्यावर तो गृहपाठ राहिलेलाच दिसतो. म्हणून ओरडण्याआधी वही उघडून बघावी. आणि बाईंनीच मुदतीची तारीख घातली नसेल, तर अ‍ॅप बिचारं आठवण कशाची करणार?